'ॲडव्हायसेस' कुठे चुकतं आणि कुठे चालतं

ताई, नमस्कार. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात एक्सपोर्टची कागदपत्रं बघते. शिक्षण मराठी माध्यमातून झालंय, पण परदेशी पार्ट्यांना मेल मीच लिहिते. परवा सरांनी माझ्या एका मेलमधल्या 'इन्फर्मेशन्स' आणि 'ॲडव्हायसेस'खाली लाल रेघा मारल्या आणि म्हणाले, "यांचं अनेकवचन होत नाही, पाठ करून टाक." पण आमचा जर्मनीचा बायर स्वतः 'इन्फर्मेशन्स' लिहितो. बँकेच्या कागदावर तर 'पेमेंट ॲडव्हायसेस' असं छापलेलं असतं. मराठीत आपण 'सल्ले' म्हणतोच की. मग इंग्लिशला काय अडचण आहे? नुसतं पाठ करायला मन घेत नाही. मेलची प्रत जोडली आहे.
– एक वाचक, सोलापूर

तुमच्या मेलमध्ये लाल रेघा चार आहेत. त्यातल्या तीन ठिकाणी सर बरोबर आहेत आणि एका ठिकाणी तुम्ही. 'वुई हॅव नॉट रिसीव्ड द पेमेंट ॲडव्हायसेस फॉर द लास्ट टू इन्व्हॉइसेस' हे तुमचं वाक्य जसंच्या तसं जाऊ द्या. त्यातलं एक अक्षरही बदलायची गरज नाही. वरच्या ओळीत चुकीचा ठरलेला शब्द खालच्या ओळीत बरोबर कसा ठरतो, हे एकदा कळलं की पाठ करण्यासारखं फार थोडं उरतं. म्हणून उत्तर जरा लांबून सुरू करते.

आधी आपल्याच भाषेकडे बघा. 'सल्ले' आपण म्हणतो, हे खरं. पण 'माहित्या' म्हणतो का? 'मला तुमच्याकडून तीन माहित्या हव्यात' असं तुमच्या ऑफिसात कुणी म्हणालं तर शिपाईसुद्धा मान वर करून बघेल. 'एक माहिती द्या' एवढं कधीमधी कानावर पडतं, पण पुढे दोन, तीन असं मोजत कुणी जात नाही. म्हणजे इन्फर्मेशनला अनेकवचन नसणं ही इंग्लिशची विचित्र सवय नाही. तुमच्या मराठी कानाला ती आधीपासून ठाऊक आहे. 'इन्फर्मेशन्स' लिहिताना तुम्ही मराठीतून इंग्लिशमध्ये गेलाच नव्हता. शाळेत शिकलेला 'अनेकवचन म्हणजे एस' हा नियम तुम्ही सरळ लावलात.

आणि मराठीत तीन गोष्टी विचारायच्या असतील तर आपण काय करतो? 'मला तीन गोष्टींची माहिती हवी आहे' असं म्हणतो. मोजलेल्या असतात त्या गोष्टी, माहिती एकवचनीच राहते. हे वाक्य लक्षात ठेवा, तुमचा मेल दुरुस्त करताना ते जसंच्या तसं उपयोगी पडणार आहे.

सल्ल्याचं मात्र वेगळं. तिथे मराठी मोजते आणि इंग्लिश मोजत नाही. दोन्ही शब्द भाववाचक आहेत, दोन्ही हाताला लागत नाहीत, तरी एकाचं अनेकवचन मराठीने केलं आणि दुसऱ्याचं केलं नाही. 'जी वस्तू हातात धरता येते ती मोजता येते, बाकीच्या मोजता येत नाहीत' असं शाळेत सांगतात, ते इथेच कोलमडतं. स्वप्न हातात धरता येत नाही, पण त्याची स्वप्नं होतात. फर्निचर हातात धरता येतं, त्यावर बसताही येतं, तरी इंग्लिशमध्ये 'फर्निचर्स' होत नाही.

घरातलं धान्य घ्या. 'ज्वारी निवडली' म्हणतो, 'बाजरी निवडली' म्हणतो. पण 'गहू निवडले' आणि 'तांदूळ निवडले'. ज्वारी एकवचनात आणि गहू-तांदूळ अनेकवचनात. चारही धान्यं दाण्यांचीच आहेत, चारही सुपात सारखीच पसरतात. ज्वारीच्या जिल्ह्यात राहून आपण हे रोज बोलतो आणि यात काही फरक आहे हे जाणवतही नाही. इंग्लिशमध्ये गहू आणि तांदूळ दोन्ही एकवचनात, पण 'ओट्स' मात्र अनेकवचनात. तिथेही दाण्याच्या आकाराशी त्याचा काही संबंध नाही.

याहून ठसठशीत उदाहरण तुमच्या कारखान्यातच मिळेल. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या कुणा सहकाऱ्याला विचारा. तेलुगूत पाण्याला 'नीळ्ळु' म्हणतात आणि दुधाला 'पालु', आणि हे दोन्ही शब्द अनेकवचनी आहेत. त्यांचं क्रियापदही अनेकवचनी येतं. 'पाणी आहेत', 'दूध आहेत' अशी ती वाक्यरचना. न मोजता येणाऱ्या नामाचं उदाहरण म्हणून इंग्लिशच्या पुस्तकात पहिलं नाव पाण्याचंच असतं, आणि आपल्याच शहरातल्या हजारो घरांत ते व्याकरणाने अनेकवचनी आहे. तेव्हा मोजता येणं न येणं हा वस्तूचा गुण नाही, तो त्या त्या भाषेतल्या शब्दाचा गुण आहे.

तुमच्या जर्मन बायरचंही यातच उत्तर आहे. जर्मन भाषेत इन्फर्मेशनचं अनेकवचन बिनधास्त होतं, तो ते उचलून इंग्लिशमध्ये ठेवतो. फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन माणसंही हेच करतात, कारण त्यांच्याकडेही ते चालतं. आणि गंमत अशी, की सल्ल्यासाठी जर्मनमध्ये 'राट' हा जो शब्द आहे, त्याला त्या अर्थाने अनेकवचन नाही. सल्ले मोजायचे झाले तर ते वेगळाच शब्द वापरतात. म्हणजे मराठी बरोबर उलट. आपली माहिती मोजली जात नाही पण सल्ले मोजले जातात, त्यांची माहिती मोजली जाते पण सल्ला मोजला जात नाही. तेव्हा बायरने लिहिलं म्हणून तुम्ही लिहू नका, आणि त्याला दुरुस्तही करू नका. तो कापड विकत घेतोय, इंग्लिश शिकवत नाही.

आता इंग्लिशकडे. मोजता येणारी आणि न मोजता येणारी नामं हा भेद इंग्लिश व्याकरणात नीट मांडणाऱ्यांत डॅनिश व्याकरणकार ऑटो येस्पर्सन यांचं नाव घ्यावं लागतं. १९२४ साली त्यांनी 'काउंटेबल्स' आणि 'मास-वर्ड्स' असे दोन गट करून दाखवले. मोजण्याजोग्या वस्तूला ठराविक आकार असतो, तिला कडा असतात, हा त्यातला गाभ्याचा विचार. त्या 'कडा' शब्दावर जरा थांबू.

टॉवेल घ्या. एक टॉवेल कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हे काठ बघून कळतं. टॉवेल अर्धा कापला तर त्याला कुणी टॉवेल म्हणणार नाही, आणि दोन टॉवेल एकत्र ठेवले तर त्यांचा एक टॉवेल होत नाही. पण तोच टॉवेल ज्या कापडाचा होतो, ते लूमवरून उतरणारं टेरी कापड, ज्याला इंग्लिशमध्ये 'टॉवेलिंग' म्हणतात, ते अर्धं केलं तरी टॉवेलिंगच आणि त्यात आणखी भर घातली तरी टॉवेलिंगच. म्हणून टॉवेलला 'एस' लागतो आणि टॉवेलिंगला लागत नाही. न मोजता येणाऱ्या शब्दाची ही खूण आहे: कमी केलं तरी तेच, वाढवलं तरी तेच.

इन्फर्मेशनला हे लावून बघा. समजा बायरने लिहिलं, 'दोन कंटेनर चौदा तारखेला न्हावा शेवाहून निघायला हवेत.' यात माहिती किती? एक वाक्य म्हणून एक? की कंटेनर दोन, तारीख चौदा, बंदर न्हावा शेवा म्हणून तीन? कुणीही ठामपणे सांगू शकणार नाही. वाक्य अर्धं वाचलं तरी जे कळलं ती माहितीच, आणि त्यात जहाजाचं नाव मिळवलं तरी ती माहितीच. ॲडव्हाइसचंही तसंच. मोठी बहीण तासभर समजावून सांगते तेव्हा तिने किती सल्ले दिले हे मोजायला कुठून सुरुवात करायची? इंग्लिश त्या सगळ्या बोलण्याला मिळून ॲडव्हाइस म्हणते. मराठी त्यातला एकेक मुद्दा उचलून त्याला सल्ला म्हणते. दोन्ही बघणी आपापल्या जागी ठीक आहेत.

हे कारण पटण्यासारखं असलं तरी ते पुरेसं नाही, हे मी लपवणार नाही. कडा नसणं हे खरं कारण असतं तर जर्मन आणि फ्रेंच लोकांनाही माहिती मोजता आली नसती. आणि इंग्लिशमध्येच 'सजेशन', 'आयडिया', 'फॅक्ट' हे शब्द खुशाल मोजले जातात, त्यांना तरी कुठे काठ शिवलेले असतात? इतकंच काय, जुन्या इंग्लिशमध्ये 'इन्फर्मेशन्स' आणि 'ॲडव्हायसेस' दोन्ही सापडतात. सतराव्या-अठराव्या शतकातल्या लंडनच्या वर्तमानपत्रांत परगावाहून आलेल्या खबरींना 'ॲडव्हायसेस' म्हणत. पुढे इंग्लिशने कामाची वाटणी केली. सगळ्या मालाला मिळून इन्फर्मेशन आणि ॲडव्हाइस ठेवले, आणि सुटे नग मोजायला फॅक्ट, डिटेल, पॉइंट, सजेशन, टिप, रेकमेंडेशन हे शब्द हाताशी ठेवले. नग मोजायला वेगळे शब्द आहेत, म्हणून त्या दोन शब्दांना 'एस' लावण्याची गरजच कुणाला पडत नाही. अर्थामुळे हे घडू शकलं, पण घडलं ते वापरामुळे. 'इंग्लिशला काय अडचण आहे' याला एवढंच प्रामाणिक उत्तर आहे.

आता बँकेचा कागद. मोजता न येणारा शब्दसुद्धा इंग्लिशमध्ये दोन वाटांनी मोजला जाऊ लागतो. पहिली वाट, त्याला ठरलेलं माप मिळतं. कॅन्टीनमध्ये 'दोन कॉफी' म्हणतो तेव्हा कप हे माप ठरलेलं असतं, म्हणून इंग्लिशमध्येही 'टू कॉफीज' चालतं. दुसरी वाट, त्याचे प्रकार पडतात. 'यार्न' हा शब्द एरवी मोजला जात नाही, पण रिंगचं सूत आणि ओपन एंडचं सूत अशी दोन प्रकारची सुतं वापरत असाल तर 'टू यार्न्स' हे शुद्ध इंग्लिश आहे. तुमच्याच धंद्यातली इंग्लिश कागदपत्रं उघडली तर 'यार्न्स' आणि 'फॅब्रिक्स' जागोजाग दिसतील.

इन्फर्मेशनला यातली एकही वाट सहसा मिळत नाही. तिला कप नाही आणि व्यवहारात तिचे प्रकार पाडून कुणी विकत नाही. ॲडव्हाइसला मात्र बँकेत आणि धंद्यात माप मिळालं, आणि ते माप म्हणजे कागद. बँकेच्या भाषेत ॲडव्हाइस म्हणजे उपदेश नव्हे, कळवल्याची लेखी सूचना. तुमच्या खात्यात अमुक रक्कम जमा केली, ही घ्या क्रेडिट ॲडव्हाइस. तुम्हाला अमुक इन्व्हॉइसचे पैसे पाठवले, ही पेमेंट ॲडव्हाइस. लेटर ऑफ क्रेडिट उघडल्याचं तुम्हाला कळवते ती 'ॲडव्हायझिंग बँक'. तुम्हाला शहाणपण शिकवणं हे तिचं काम नव्हे. माल जहाजावर चढला की जहाजाचं नाव, बिल ऑफ लेडिंगचा नंबर, कंटेनरचा नंबर आणि निघण्या-पोचण्याच्या तारखा टाकून तुम्ही बायरला जे पाठवता ती शिपमेंट ॲडव्हाइस. या प्रत्येक कागदाला तारीख असते, नंबर असतो, तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे दिसतं. अशी तीन ॲडव्हाइस एकावर एक ठेवून मोजता येतात. म्हणून 'थ्री पेमेंट ॲडव्हायसेस' बरोबर, आणि पॉलिबॅग कशी वापरावी याबद्दल 'थ्री ॲडव्हायसेस' चूक.

कायद्यातही असंच झालंय. अमेरिकेत सरकारी वकील जे आरोपपत्र दाखल करतो त्याच्या एका प्रकाराला 'ॲन इन्फर्मेशन' म्हणतात, आणि अशी अनेक असली की 'इन्फर्मेशन्स'. आपल्याकडे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १५४व्या कलमाची सुरुवातच 'एव्हरी इन्फर्मेशन' अशी आहे, आणि त्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतल्या १७३व्या कलमातही तेच शब्द राहिले. 'एव्हरी' हा शब्द मोजता येणाऱ्या नामापुढेच येतो. पोलीस ठाण्यात दिलेली प्रत्येक खबर वेगळी नोंदवायची असते, म्हणून तिथे इन्फर्मेशनही नगासारखी वागते. मला हे कलम फार आवडतं. व्याकरणाच्या नियमाला अपवाद दाखवायला इतकं नेमकं वाक्य सहसा सापडत नाही.

तर तुमचा मेल. पहिली ओळ: 'प्लीज सेंड अस द फॉलोइंग इन्फर्मेशन्स', आणि खाली कार्टनचा साइज, लेबलची जागा आणि बारकोड. फक्त 'एस' काढा. 'द फॉलोइंग इन्फर्मेशन' म्हणून खाली दहा मुद्दे दिलेत तरी शब्द एकवचनीच राहतो. मुद्दे तीन आहेत हे सांगायचंच असेल तर मघाचं मराठी वाक्य आठवा: 'वुई नीड इन्फर्मेशन ऑन थ्री पॉइंट्स.' मोज पॉइंट्सवर गेली. याहून सुटसुटीत हवं असेल तर 'प्लीज सेंड अस द फॉलोइंग डिटेल्स'. कारखान्याच्या पत्रव्यवहारात मी हेच सुचवेन. काही पुस्तकं 'पीसेस ऑफ इन्फर्मेशन' शिकवतात. ते शुद्ध आहे, पण प्रत्येक मेलमध्ये 'थ्री पीसेस ऑफ इन्फर्मेशन' लिहिलं तर वाचायला जड जातं. एकच महत्त्वाची बाब कळवायची असेल तेव्हा 'अ पीस ऑफ इन्फर्मेशन' शोभतं.

दुसरी ओळ: 'वुई नीड ॲन ॲडव्हाइस अबाउट द पॉलिबॅग.' इथे 'एस' नाही म्हणून ती सुटेल असं तुम्हाला वाटलं असेल. पण 'अ' किंवा 'ॲन' म्हणजे 'एक'च. जे मोजता येत नाही त्याचं एकही होत नाही. 'वुई नीड युवर ॲडव्हाइस ऑन द पॉलिबॅग' किंवा 'वुई नीड सम ॲडव्हाइस'. दोन्ही चालतील, पहिलं जास्त आदबीचं.

तिसरी ओळ सगळ्यात शिकण्याजोगी आहे: 'युवर ॲडव्हायसेस आर व्हेरी युजफुल अँड वुई विल फॉलो देम.' सरांनी फक्त 'ॲडव्हायसेस'खाली रेघ मारली. तुम्ही ते 'ॲडव्हाइस' केलंत आणि पुढचं तसंच ठेवलंत, तर वाक्य होईल 'युवर ॲडव्हाइस आर'. 'एस' निघाला, पण अनेकवचन वाक्यात तसंच बसलेलं राहिलं, क्रियापदात आणि 'देम'मध्ये. पूर्ण दुरुस्ती अशी: 'युवर ॲडव्हाइस इज व्हेरी युजफुल अँड वुई विल फॉलो इट.' बरीच वर्षं इंग्लिश लिहिणारी माणसंही इथे चुकतात, विशेषतः वाक्य लांब असलं की. 'द इन्फर्मेशन यू सेंट लास्ट वीक' इथे सुरुवात नीट होते, मग मध्ये चार-पाच शब्द येतात आणि शेवटी 'वुई हॅव फॉरवर्डेड देम टू प्रॉडक्शन' असं लिहून जातो. पाठवण्याआधी मेल वाचताना शब्दाचं शेपूट बघून थांबू नका. पुढचं 'आर', 'वेअर', 'दीज', 'देम', 'मेनी' आणि 'फ्यू' शोधा. 'मेनी इन्फर्मेशन' होत नाही, 'मच' किंवा 'अ लॉट ऑफ' होतं. 'फ्यू ॲडव्हाइस' होत नाही, 'सम' किंवा 'अ लिटल' होतं.

याच ओळीला लागून आणखी एक. 'किंडली ॲडव्हाइस द शिपमेंट डेट' असं तुम्ही खाली लिहिलंय. तिथे क्रियापद हवं, आणि क्रियापदाच्या शेवटी एस-ई येतं, सी-ई नाही. उच्चारही वेगळा आहे: नाम 'ॲडव्हाइस', क्रियापद 'ॲडव्हाइज'. मोठ्याने वाचलंत तर चूक कानालाच कळेल. धंद्याच्या भाषेत 'ॲडव्हाइज' म्हणजे फक्त 'कळवा', तेव्हा वाक्याचा बाकीचा साचा बरोबर आहे.

नवा शब्द समोर आला आणि शंका वाटली तर इंग्लिश शिकणाऱ्यांसाठी असलेला शब्दकोश उघडा. नामासमोर 'सी' असेल तर तो मोजता येतो, 'यू' असेल तर नाही. एकाच शब्दासमोर दोन्ही अक्षरं दिसली की तिथे थांबून अर्थ वाचा, कारण बहुतेकदा दोन अक्षरांचे दोन वेगळे अर्थ असतात. 'ॲडव्हाइस'समोर आधी 'यू' दिसेल, आणि मोठ्या कोशात धंद्याच्या अर्थापुढे 'सी'. तुमच्या टेबलावर नेहमी येणाऱ्यांपैकी 'मशिनरी', 'इक्विपमेंट', 'पॅकिंग', 'फीडबॅक' आणि 'स्टेशनरी' हे सगळे 'यू'वाले आहेत. 'मशिनरीज' आणि 'इक्विपमेंट्स' आपल्याकडच्या पाट्यांवर आणि टेंडरांत सर्रास दिसतात, वाचणाऱ्याला अर्थही कळतो. तरी परदेशी पत्रात 'मशीन्स' लिहा, नाहीतर 'मशिनरी' एकवचनात.

आता सरांच्या लाल पेनातून सुटलेली एक ओळ, आणि माझ्या मते तुमच्या मेलमधली सगळ्यात महागात पडू शकणारी. तुम्ही लिहिलंय, 'वुई ॲक्सेप्ट द डॅमेजेस इन थ्री कार्टन्स.' तुम्हाला म्हणायचंय की तीन कार्टनमधला माल खराब झाल्याचं आम्ही मानतो. मालाचं नुकसान म्हणजे 'डॅमेज', आणि तो शब्द 'यू'वाला आहे; दहा कार्टन फाटले तरी 'डॅमेज'च. 'डॅमेजेस' हा शब्दही इंग्लिशमध्ये आहे, पण त्याचा अर्थ वेगळा. कायद्याच्या भाषेत डॅमेजेस म्हणजे नुकसानभरपाईची रक्कम. 'इन्फर्मेशन्स'ने अर्थ बिघडत नाही, वाचणारा फार तर मनात दुरुस्त करून पुढे जातो. 'वुई ॲक्सेप्ट द डॅमेजेस' वाचून मात्र समोरच्याचा वकील म्हणू शकतो की भरपाई द्यायला तुम्ही लेखी कबूल झालात. भरपाई द्यायची की नाही, किती द्यायची, हा निर्णय सरांचा आणि मालकांचा आहे, तो एका 'एस'ने होऊ नये. तूर्त एवढंच लिहा: 'वुई हॅव नोटेड द डॅमेज टू थ्री कार्टन्स. प्लीज सेंड अस फोटोग्राफ्स.' नोंद घेतली एवढंच त्यातून जातं, कबुली जात नाही.

मेल अजून पाठवला नसेल तर ही ओळ आधी बदला आणि सरांना दाखवा. पाठवला असेल तर आजच दुसरा मेल करा आणि त्यात हे सुधारलेलं वाक्य घालून सांगा की आधीच्या मेलमधला शब्द मालाच्या अवस्थेबद्दल होता, रकमेबद्दल नव्हता. तोही पाठवण्याआधी सरांच्या नजरेखालून जाऊ द्या, आणि त्याच बैठकीत पेमेंट ॲडव्हायसेसची ओळ का ठेवली तेही बँकेचे दोन कागद पुढ्यात ठेवून त्यांना सांगा.